रोखे का जाळले? सुप्याच्या दंग्यावरची व्हायवा आणि तिचा सराव

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता 1875 चे दख्खनचे दंगे, आणि त्यातही पुणे जिल्ह्यातलं सुपे. 12 मे 1875 रोजी आसपासच्या गावांतली रयत सुप्यात जमली, सावकारांच्या दुकानांवर चालून गेली आणि खातेवह्या नि कर्जरोखे मागून घेऊन जाळून टाकले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही सावकारांची घरंही पेटवली गेली. पुढे दोनेक महिने पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच घडत राहिलं. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं. आमचं गावही त्याच पट्ट्यातलं, म्हणून विषय घेतला.

प्रबंध बाइंडिंग होऊन आला तेव्हा मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आता वाचन बंद. आता मी बाहेरून आलेली परीक्षक, आणि तू मला ओळखत नाहीस." व्हायवाचा, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेचा, सराव इथून सुरू झाला. कधी मॅडमच्या खोलीत, कधी पीएच.डी. करणाऱ्या एका ताईसमोर, कधी घरी बाबांसमोर. तिघांचे प्रश्न तीन तऱ्हेचे होते आणि तिन्हींचा उपयोग झाला.

मॅडमनी उत्तराची एक रीत घालून दिली. पहिल्या वाक्यात प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्यात त्याचा पुरावा. तिसऱ्यात तो पुरावा कुठवर पोचतो ते. मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, कारण समोरचा काही बोलत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप भर घालत जातो, आणि त्या भरीतच पुढचा अवघड प्रश्न दडलेला असतो. ताईला हे फार पटकन दिसायचं. मी बोलताना ती कागदावर एखादाच शब्द लिहून ठेवायची आणि पुढचा प्रश्न त्याच शब्दावर यायचा. मी सहज "सगळी रयत कर्जबाजारी होती" म्हटलं की ती विचारायची, "सगळी? आकडा?" असा शब्द सापडला की तो खोडायचा आणि पुराव्याला झेपेल एवढंच म्हणायचं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचं काम थोडक्यात सांगा. इथं बहुतेक जण प्रकरणांची यादी म्हणून दाखवतात. पहिल्या प्रकरणात पार्श्वभूमी, दुसऱ्यात रयतवारी, असं. मॅडमना ती यादी नको होती. "अनुक्रमणिका माझ्यापुढे छापलेली आहे. तुझं म्हणणं काय ते सांग." घासून घासून उत्तर असं झालं:

"दंग्यात जमावाचं मुख्य लक्ष्य कागद होता, सावकाराचा जीव किंवा त्याची तिजोरी नव्हती. सरकारच्या आयोगाच्या अहवालातच नोंद आहे की रोखे आणि वह्या मुकाट्यानं हाती दिल्या तिथं जमाव बहुतेक वेळा पुढे काही करत नव्हता. कागदाला एवढं वजन कशामुळे आलं, हे मी 1859 चा मुदतीचा कायदा आणि दिवाणी कोर्ट यांच्या आधारे मांडलं आहे. सुप्यापलीकडच्या सगळ्या गावांना हे लागू पडतं असा माझा दावा नाही."

शेवटचं वाक्य मॅडमनी घालायला लावलं. त्यामुळे "मग साताऱ्याचं काय?" हा प्रश्न आला तरी आपण आपल्या हद्दीत उभे असतो.

या उत्तरातला "मुदतीचा कायदा" म्हणजे पुढच्या प्रश्नाला आमंत्रणच. परीक्षक विचारणार: तो कायदा तर रयतेच्या बाजूचा होता ना? मग त्यानं रयतेचं नुकसान कसं झालं? या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ दिला. तोंडी सांगताना ऐकणाऱ्याचा धागा सुटतो, म्हणून मॅडमनी मला फळ्याशी उभं केलं.

कायदा म्हणत होता की कर्जरोखा तीन वर्षांपुरताच कोर्टात चालेल. व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये हा त्यामागचा हेतू. सावकारानं त्यावर काढलेला तोडगा साधा होता. तीन वर्षं भरत आली की रयतेकडून नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, दोन्ही मिळून नव्या रोख्याचं मुद्दल करायचं. मी फळ्यावर उदाहरण मांडलं. मुद्दल 100 रुपये, व्याज दरमहा शेकडा 2. काहीच फेड झाली नाही असं धरू. छत्तीस महिन्यांचं व्याज 72. नवा रोखा 172 चा. पुढच्या तीन वर्षांचं व्याज आता 172 वर चालतं आणि ते जवळजवळ 124 होतं. तिसरा रोखा 296 चा. आणखी तीन वर्षांनी देणं होतं 509. एकच रोखा नऊ वर्षं सरळ व्याजानं चालला असता तर हेच देणं 316 झालं असतं.

गणित करून दाखवलं की बरं वाटतं, पण तिथंच ताईनं विचारलं, "हा दर कुठला? सुप्यातला?" याचं उत्तर लगेच द्यायचं आणि लपवायचं नाही: "हा दर मी रीत समजावण्यासाठी धरलेला आहे. प्रत्यक्षातले दर माणूस, तारण आणि गाव यांप्रमाणे बदलत. दर कमी धरला तरी वाढीचा आकार तोच राहतो, फक्त वेग कमी होतो." परीक्षकाला उदाहरण आणि पुरावा यांतला फरक आपल्याला कळतो हे दिसलं की तो मुद्दा तिथंच संपतो. फरक आधीच सांगून टाकला तर प्रश्नच येत नाही, म्हणून पुढच्या वेळी मी फळ्यावर पहिल्यांदा "धरून चाललेला दर" असं लिहूनच सुरुवात केली.

मग मॅडमनी खरा पेच टाकला. "आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. मुद्दलापेक्षा व्याज जास्त वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानत होती. मग तुझे 509 कसे?" प्रश्न उत्तम आहे, कारण नियम खरोखरच होता. उत्तर त्याच गणितात आहे. दामदुपट मोजली जाते ती रोख्यावरच्या मुद्दलावर. शंभराच्या रोख्यावर एका वेळी मुद्दल धरून जास्तीत जास्त 200 वसूल होणार. पण 296 च्या रोख्यावर मुद्दलच 296 आहे, त्यामुळे त्यावरचं 213 व्याज नियमात बसतं. रोखा बदलला की आधीचं व्याज मुद्दलाच्या पोटात जातं आणि नियमाला ते दिसत नाही. कोर्टापुढे येतो तो शेवटचा कागद, त्याच्या मागचे कागद येत नाहीत. रयतेनं कागदच जाळले याचा अर्थ इथं लागतो, आणि माझ्या प्रबंधाचा कणा हाच होता. म्हणून हे उत्तर मी इतक्यांदा म्हटलं की ते पाठ न करताही सुरळीत येऊ लागलं.

घरी बाबांसमोर हेच सांगितलं. बाबा गावच्या विकास सोसायटीत सचिव होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नवं-जुनंच की हे. मार्चअखेर आम्ही करतो तेच. जुनं कर्ज कागदावर भरून घ्यायचं आणि त्याच दिवशी नवं काढायचं." मला ते इतकं नेमकं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी मॅडमना उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण तू होऊन सांगू नकोस. विचारलं तर सांग, आणि फरकासकट सांग." मग फरक बसून काढला. सोसायटीच्या कर्जाला व्याजाचा दर ठरलेला, लेखापरीक्षण आहे, आणि देणारी संस्था सभासदांची आहे. सुप्यातल्या रोख्याला यातलं काही नव्हतं. सारखं आहे ते एवढंच, की देणं फिटल्याचं कागदावर दिसतं आणि ऋणको आहे तिथंच राहतो. आजच्या शेतकऱ्यांशी तुलना करा, असा प्रश्न महाराष्ट्रात या विषयावर येणारच. त्याला भावनेच्या भरात उत्तर देण्यापेक्षा सारखेपणा कुठे आहे नि कुठे संपतो ते सांगणं जास्त प्रामाणिक वाटतं.

दुसरा मोठा प्रश्न साधनांचा. इतिहासाच्या व्हायवात हा चुकत नाही. "तुमचा मुख्य आधार म्हणजे दख्खन दंगे आयोगाचा अहवाल. सरकारनं नेमलेला आयोग, आणि 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलेला अहवाल. सरकार स्वतःला दोषी कशाला ठरवेल? मग तुम्ही त्यावर विश्वास कसा ठेवता?"

इथं दोन सापळे आहेत. एक म्हणजे अहवालाची वकिली करत बसणं. दुसरा म्हणजे "हो, तो पक्षपातीच आहे" असं म्हणून स्वतःच्याच प्रबंधाची जमीन काढून घेणं. मॅडमचं म्हणणं असं की अहवाल ही एक वस्तू समजू नये, तिचे थर मोजावेत. वरचा थर आयोगाच्या निष्कर्षाचा. सरकारचा शेतसारा हे दंग्याचं कारण आहे का, हे पाहायचं काम आयोगाकडे होतं, आणि निष्कर्ष निघाला तो सावकाराला दोष देणारा. हा थर सरकारच्या सोयीचा आहे, म्हणून तो मी पुरावा म्हणून वापरलेला नाही. त्याखाली जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचे अहवाल, साऱ्याचे, भावांचे, व्याजाचे तक्ते. हे महसुली कामकाजातून आलेले, त्यामुळे इतर कागदांशी ताडून पाहता येतात. आणि सर्वांत खाली रयत, सावकार आणि प्रत्यक्ष पाहणारे यांच्या जबान्या. तिथं आयोगाच्या निष्कर्षाला गैरसोयीच्या गोष्टीही शिल्लक राहिल्या आहेत. शिवाय आयोगातही एकमत नव्हतं. ऑकलंड कॉल्विन या सदस्यानं स्वतंत्र टिपण लिहून सरकारच्या सारा-आकारणीवर टीका केली होती.

ही सगळी माहिती एका दमात सांगितली तर परीक्षकाच्या लक्षात काहीच राहत नाही. ताईनं सुचवलं की फक्त तीन थर सांग, आणि कॉल्विन हाताशी ठेव. "म्हणजे आयोग एका सुरात बोलत होता?" असा प्रतिप्रश्न आला की तेव्हा काढ. हाताशी काहीतरी राखून ठेवल्यानं बोलण्यात शांतपणा येतो हे मला या प्रश्नावर कळलं. सगळं पहिल्याच उत्तरात रिकामं केलं तर पुढच्या प्रश्नाला आपण मोकळ्या हातानं उभे राहतो.

याच ओघात येणारा प्रश्न: "मूळ रोखा पाहिलात का? मोडी येते का?" मोडीचा अभ्यासक्रम मी केला होता आणि ओळखीच्या एका घरात बासनात बांधून ठेवलेलं एक गहाणखत वाचलं होतं. कडा खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, वर मुद्रांकाचा ठसा. मजकूर एका सलग हाताचा, कुठेही न अडखळलेला, आणि खाली कुळाच्या नावापुढे नांगराचं लहानसं चित्र, त्याच्या बाजूला "निशाणी नांगर". लिहिणारा वेगळा, त्याचं नाव "दस्तूर" म्हणून शेवटी. म्हणजे ज्याच्यावर देणं चढणार त्याच्या हातची त्या कागदावर एक नांगराची खूण, बाकी प्रत्येक अक्षर दुसऱ्याचं. हे मी प्रबंधात परिशिष्टात दिलं होतं. सरावात मात्र मॅडमनी ताकीद दिली, "हा कागद सुप्याचा नाही आणि 1875 चा नाही. त्यावरून रकमांबद्दल काही बोलायचं नाही. रोख्याची घडण कशी असते एवढंच त्यातून सांगता येतं." आणि सुप्यातले रोखे का पाहिले नाहीत या प्रश्नाचं उत्तर तर विषयातच आहे: मला हवे होते तेच कागद त्या दिवशी जाळले गेले. माझ्या प्रश्नाचा सर्वांत थेट पुरावा घटनेनंच नाहीसा केला. ही उणीव मी पहिल्या प्रकरणातच लिहिली होती, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली घालायची गरज नव्हती. प्रबंधात जी मर्यादा आपण होऊन लिहिली आहे, तिच्यावर परीक्षक फार वेळ थांबत नाही. लपवलेलीवर मात्र हटकून थांबतो.

कारणांचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटायचा. पाठ्यपुस्तकात एक साखळी असते: अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, त्याआधी ब्रिटनला येणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांश अमेरिकेचा होता, तो थांबला, हिंदुस्थानच्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली, 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज बंद झालं, दंगा. परीक्षक हसून विचारणार, "सुप्यात कापूस किती होता?"

भीमथडी हा अवर्षणाचा पट्टा. बाजरी-ज्वारीचा. कापूस हे इथलं मुख्य पीक नव्हतं. म्हणून "कापसाचे भाव पडले नि सुप्यात दंगा झाला" हे वाक्य व्हायवात टिकत नाही. तरी साखळी पूर्ण टाकूनही चालत नाही. आमचं उत्तर असं ठरलं: "कापसाचा संबंध इथं थेट पिकातून येत नाही, पैशाच्या सैल हातातून येतो. त्या वर्षांत पश्चिम हिंदुस्थानात पैसा खेळता होता, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळत होती, धान्याला भाव होता, आणि सावकार कर्ज द्यायला तयार होता. पुढे हात आखडला. त्याच सुमाराला सरकारची फेरआकारणी आली, इंदापुरात 1867 पासून आणि मग भीमथडीसह इतर तालुक्यांत. सारा वाढला, धान्याचे भाव उतरले आणि सावकार नवं कर्ज देईना. यातलं कोणतं कारण किती टक्के, हे माझ्या साधनांवरून वेगळं काढता येत नाही."

शेवटचं वाक्य म्हणताना मला सुरुवातीला कमीपणा वाटायचा. मॅडम म्हणाल्या, "कारणांची टक्केवारी सांगणारा विद्यार्थी आला की मला काळजी वाटते." त्यानंतर मी ते वाक्य सरळ मान ठेवून म्हणू लागले.

आणि मग जातीचा प्रश्न. "हा मारवाड्यांविरुद्धचा दंगा होता का?" सराव नसेल तर या प्रश्नावर माणूस गडबडतो, कारण दोन्हीकडून काहीतरी चुकीचं बोलून बसण्याची भीती असते. इथं आधी वस्तुस्थिती सांगायची. मार बसला तो जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांना. ज्या गावांत ब्राह्मण वा इतर जातींचे लोकही सावकारी करत होते तिथं त्यांना सहसा हात लागला नाही, अशी नोंद अहवालात आहे. ही नोंद माझ्या "लक्ष्य कागद होता" या म्हणण्याला अडचणीची आहे, आणि ते मीच आधी मान्य करायचं. कागद हेच एकमेव लक्ष्य असतं तर सगळ्यांचेच कागद जळायला हवे होते.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. मॅडमनी मला 1874 च्या डिसेंबरातल्या कर्डे गावाकडे परत नेलं. शिरूर तालुक्यातल्या या गावात काळुराम नावाच्या मारवाडी सावकारानं एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचं घर पाडलं, आणि गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. म्हणजे सुप्याच्या आधीच, हिंसेविना, हाच राग बाहेर आला होता, आणि तो कोर्टाचा हुकूमनामा वापरून गावातल्या वजनदार घराला हात घालणाऱ्यावर होता. गावात मुळं असलेला सावकार कागद असूनही तो शेवटपर्यंत ताणताना दहादा विचार करी. बाहेरून आलेल्याला गावकीची ती अडकाठी कमी होती. तेव्हा उत्तर असं बांधलं: "लक्ष्य कागद होता, पण ज्याचा कागद कोर्टापर्यंत जाणार अशी भीती जास्त होती त्याचा आधी. जातीचा दुरावा त्यात होताच, मी तो नाकारत नाही. मात्र कागद दिल्यावर जमाव सहसा थांबत होता, हे निव्वळ जातीच्या रागानं समजावता येत नाही." हे उत्तर म्हणताना आवाज चढू द्यायचा नाही आणि कुठल्याही समाजाबद्दल विशेषण वापरायचं नाही. विशेषण आलं की ताई पेन्सिल टेबलावर आपटायची.

इतिहासकारांच्या वादाबद्दल एकच प्रश्न नीट तयार केला. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये या दंग्यांचं महत्त्व फुगवलं गेलं आहे, ते जवळपास मिथक आहे, असं मांडलं. "मग मिथकावर तुम्ही प्रबंध लिहिला?" सरावात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अंगावर आल्यासारखं वाटलं होतं, पण उत्तर साधं आहे. दंगे मर्यादित भागात झाले, प्राणहानी फारशी झाली नाही, सगळं दख्खन पेटलं नव्हतं. या बाबतीत त्यांचं म्हणणं मी स्वीकारते. माझा प्रश्न दंगा किती मोठा हा नाही. जमावानं काय निवडून जाळलं हा आहे. लहान घटनेबद्दलही हा प्रश्न विचारता येतो. प्रतिस्पर्धी मताचा जो भाग खरा आहे तो आधी देऊन टाकला की बोलणं भांडणासारखं होत नाही.

दंग्यानंतरच्या कायद्याची तयारी थोडक्यात केली. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन देण्याचा मूळ इतिहास तपासायची मुभा दिली. म्हणजे फळ्यावरच्या 509 पासून मागे 296, 172 आणि 100 पर्यंत जाता येऊ लागलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला दुजोरा नाही: कायदा करणाऱ्यांनाही दुखणं शेवटच्या कागदातच दिसलं होतं. "मग प्रश्न सुटला?" तर नाही. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि कर्ज मिळणंही अवघड झालं. इथं थांबायचं.

विषयाबाहेरच्या प्रश्नांचा मॅडमनी वेगळा सराव घेतला. सुपे म्हटलं की कुणीतरी शिवकाळात जाणार. "संभाजी मोहित्यांचं सुपे ते हेच का?" हो, हेच, पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर. एवढं सांगून "माझा काळ एकोणिसाव्या शतकाचा आहे" असं नम्रपणे म्हणायचं आणि परत यायचं. ज्येष्ठ परीक्षकाला कधी कधी आवडीच्या काळाबद्दल दोन वाक्यं बोलायची असतात. ती ऐकून घ्यावीत, मध्ये तोडू नयेत.

प्रत्यक्ष व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी कापसाचं विचारलं, साधनांचं विचारलं, दामदुपटीचं विचारलंच नाही. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "तुमच्या परिशिष्टात निशाणी नांगर आहे. म्हणजे रयतेला अक्षर येत नव्हतं. मग त्या दिवशी सुप्यात एवढ्या कागदांतून आपला रोखा कोणता हे त्यांनी ओळखलं कसं?"

हा प्रश्न आमच्या तिघींच्याही सरावात आला नव्हता, बाबांनीही विचारला नव्हता. मी थोडा वेळ घेतला. मग रीतीप्रमाणे पहिलं वाक्य उत्तराचं: "प्रत्येकानं आपला रोखा ओळखून काढला असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही." दुसरं: "अहवालात वह्या आणि रोखे एकत्र जाळल्याचं येतं, म्हणजे निवड न करता सगळंच जाळणं शक्य आहे. मुद्रांकाचा कागद ठशावरून ओळखायला अक्षर लागत नाही, तेव्हा साध्या चिठ्ठीपेक्षा रोखा वेगळा काढणंही शक्य आहे." तिसरं: "यांतलं कुठलं खरं, ते जबान्या याच प्रश्नानं पुन्हा वाचल्याशिवाय मी सांगणार नाही." आणि थांबले.

सरांनी मान हलवली आणि पुढे विचारलं, "वाचून लिहाल?" मी हो म्हणाले. प्रबंधाच्या दुरुस्तीच्या यादीत त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं: पृष्ठ 61, तळटीप वाढवणे, जमावाने कागद कसे ओळखले.